संध्याकाळी सहानंतर खुपणारी लेन्स

वय २७, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम, दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीनच्या आसपास नंबर आणि गेली सहा वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स. माझ्याकडे ती आली ते मागणी घेऊनच. "मॅडम, हे ड्रॉप्स आता चालेनासे झालेत. जरा स्ट्राँग द्या ना." पर्समधून बाटली काढून तिनं टेबलावर ठेवली. दिवसातून सात-आठ वेळा डोळ्यांत घालत होती. सोबत आलेल्या आईंनी हळूच जोड दिली, "रात्री मी गुलाबपाणी घालते तिच्या डोळ्यांत. तेवढाच गारवा."

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणं आणि लेन्स बसवणं हे माझं काम. औषधोपचार आणि शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या हातात. लेन्स खुपते अशी तक्रार आली, की ड्रॉप्सकडे मी सगळ्यात शेवटी वळते. आधी घड्याळाबद्दल विचारते. नेमकं कधी खुपतं?

"दिवसभरच," ती म्हणाली. हे उत्तर सगळेच देतात आणि ते बहुतेक वेळा खरं नसतं. थोडं खोदल्यावर चित्र स्पष्ट झालं. सकाळी आठला लेन्स घातली की काही जाणवत नाही. जेवणानंतर डोळे जड होतात. चारच्या सुमारास स्क्रीनवरची अक्षरं पुसट व्हायला लागतात, पापणी मिटली की पुन्हा स्वच्छ होतात. सहानंतर वाळू गेल्यासारखं टोचतं. रात्री दहाला लेन्स काढली, की दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटतं.

एवढ्यावरून निम्मं निदान होतं. लेन्स घातल्या घातल्या टोचली असती, तर तिच्यावर कचरा आहे, कड फाटली आहे किंवा ती उलटी घातली आहे असं मी धरलं असतं. सोल्युशन बदलल्यापासून घालताना चुरचुरतं असं ती म्हणाली असती, तर संशय सोल्युशनवर गेला असता. लेन्स काढल्यावरही रात्रभर डोळे रखरखत राहिले असते, तर मूळ कोरडेपणा डोळ्याचा आहे आणि लेन्सनं तो फक्त उघडा पाडला, असं म्हणावं लागलं असतं. पण सकाळ चांगली, संध्याकाळ वाईट आणि काढल्यावर लगेच आराम, हा क्रम सांगतो की डोळा आणि लेन्स यांचं दिवसभर जमतं, आणि मग बिनसतं. प्रश्न एवढाच उरतो, की कशावरून बिनसतं.

त्यासाठी अश्रूंबद्दल थोडं सांगायला हवं. रडताना येतात ते वेगळे. मी म्हणते ते बुबुळावर सतत पसरलेला पातळ थर. त्याची जाडी सुमारे ३ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. लेन्स मधोमध साधारण एक दशांश मिलिमीटर असते, म्हणजे या थराच्या तीसेक पट जाड. ती डोळ्यावर बसते तेव्हा थराचे दोन भाग होतात, एक लेन्सखाली आणि एक लेन्सवर. आधीच पातळ असलेली गोष्ट वाटून घ्यावी लागते.

या थरात पाणी असतं, त्याला डोळ्याला धरून ठेवणारा चिकट द्राव असतो आणि सगळ्यात वर तेलाचा पडदा असतो. 'डोळ्यांत तेल घालून' पहारा करणं आपण म्हणीत ऐकतो, पण आपल्या पापण्या खरोखरच डोळ्यांत तेल घालत असतात. पापणीच्या कडेला, केसांच्या मुळांच्या आतल्या बाजूला, बारीक छिद्रांची रांग दिसते. ती तेलाच्या ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत अशा पंचवीस ते चाळीस आणि खालच्या पापणीत वीस ते तीस ग्रंथी असतात. जर्मन वैद्य हाइन्रिश माइबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. हे तेल पाण्यावर पसरतं म्हणून अश्रू लगेच उडून जात नाहीत. लेन्सवर मात्र ते नीट पसरत नाही. तिथे पडदा विरळ राहतो, पाणी लवकर उडतं आणि थर तुटतो.

थर किती वेळात तुटतो ते मोजता येतं. उघड्या डोळ्यावर रंगीत द्रव्याचा अंश घालून निळ्या उजेडात पाहायचं, पापणी मिटून उघडल्यापासून पहिला काळा डाग दिसेपर्यंतचे सेकंद मोजायचे. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त असतील तर ठीक, पाचच्या आत असतील तर काळजी. मऊ लेन्स हा रंग शोषून घेते, म्हणून लेन्सवरच्या थरासाठी रंग न घालता उजेडाच्या वलयांचं प्रतिबिंब पाहतात. थर तुटला की वलयं वेडीवाकडी होतात. आधी लेन्ससकट तपासलं, मग लेन्स काढून. या मुलीचा थर उघड्या डोळ्यावर ८ सेकंद टिकत होता. लेन्सवर तो ५ सेकंद टिकत होता.

पाच सेकंदांत तुटणारा थर तसा चालवून घेता येतो. माणूस गप्पा मारताना किंवा इकडेतिकडे बघताना मिनिटाला पंधराच्या आसपास वेळा पापण्या मिटतो, म्हणजे दर चार सेकंदांनी. थर तुटायच्या आत नवा पसरला जातो. पण मी तिला मोबाईलवर एक लेख वाचायला दिला आणि बाजूला उभी राहून न सांगता मोजलं. मिनिटात पापणी सात वेळा लवली. त्यातल्या चार वेळा ती अर्ध्यावरून परत गेली. वरची पापणी खाली यायची, बाहुली झाकायची आणि खालच्या पापणीला न टेकताच वर जायची. पूर्ण मिटल्या त्या तीन.

आता हिशेब करा. मिनिटात तीनच वेळा पूर्ण मिटत असेल, तर लेन्सच्या खालच्या भागाला नवा ओलावा दर २० सेकंदांनी मिळतो. थर टिकतो ५ सेकंद. उरलेले १५ सेकंद तो भाग कोरडा. मिनिटात पाऊण मिनिट. असं आठ-नऊ तास चाललं की संध्याकाळी सहाला जे होतं ते व्हायचंच. लेन्स काढून रंग घातल्यावर बुबुळाच्या खालच्या भागात आडवा पट्टा उठून दिसला, आणि तो अगदी या हिशेबाच्या जागेवर होता.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती बहुतेकांना ठाऊक नसते. लेन्स खुपते तेव्हा खुपणारं बऱ्याचदा बुबुळ नसतं, पापणी असते. वरच्या पापणीची आतली कड गाडीच्या वायपरसारखी लेन्सवरून फिरते. काच कोरडी असताना वायपर चालवला तर तो करकरतो. तसंच पापणीच्या त्या कडेचं होतं, तिथे घासून बारीक इजा होते. पापणी उलटी करून रंगानं पाहिलं तर ती रेघ दिसते. या मुलीला ती दोन्ही डोळ्यांत होती.

"पण मी पापण्या मिटते ना," ती म्हणाली. कुणालाच आपण मिटत नाही असं वाटत नाही. स्क्रीनकडे एकाग्र होऊन पाहताना मेंदू पापण्यांना थोपवून धरतो, कारण मिटणं म्हणजे क्षणभर दिसणं बंद. हे आपसूक होतं आणि म्हणून ते मुद्दाम सुधारावं लागतं. नुसतं 'जास्त वेळा मिट' म्हणून काही होत नाही. लोक चार वेळा फडफडवतात आणि तीही अर्धवटच. मी तिला शिकवलं ते असं. डोळे अलगद मिटायचे, दोन सेकंद मिटलेले ठेवायचे, मग मिटलेल्या स्थितीतच किंचित दाबायचे, तेही दोन सेकंद, आणि सावकाश उघडायचे. असं पाच वेळा, दर वीस मिनिटांनी. दोन्ही पापण्या एकमेकींना टेकल्याचं जाणवलं पाहिजे, ही खूण. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि तिथला स्नायू ताणला गेल्याचं जाणवलं, तर आपण जोर लावतोय. साध्या मिटण्याला तिथे काही हलत नाही. पापण्या दाबल्यानं ग्रंथींतून थोडं तेलही बाहेर येतं, म्हणून ते शेवटचं दाबणं.

वीस मिनिटांची आठवण ठेवायची कशी? मोबाईलचा गजर तिसऱ्या दिवशी बंद होतो, हा माझा अनुभव. तिनं स्वतःच तोडगा काढला. तिच्या कामात एक चाचणी चालवली की निकाल येईपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यात ती पाच वेळा मिटायची. कामाला जोडलेली सवय टिकते.

तिचा मॉनिटर दोन जाड पुस्तकांवर ठेवलेला होता, मान दुखू नये म्हणून. मानेला बरं, पण नजर समोर किंवा वर असली की डोळा जास्त उघडा राहतो आणि बाष्पीभवनाला जागा वाढते. स्क्रीनचा मध्य नजरेच्या रेषेच्या थोडा खाली असला की वरची पापणी आपोआप खाली येते. एक पुस्तक काढलं. एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येत होता. खुर्ची दोन फूट सरकवली. आणि पुणेकरांच्या बाबतीत न विचारता धरून चालायचा एक प्रश्न मी विचारलाच: दुचाकीवर हेल्मेटची काच खाली असते का? नसायची. रोज पाऊण तास जाताना आणि पाऊण तास येताना लेन्सवर वारा आणि धूळ. मुंबईकरांना वाटतं आपल्याकडे हवा दमट, आपल्याला काय होणार. पण दिवसाचे दहा तास एसीत गेले तर बाहेरच्या दमटपणाचा डोळ्याला काय उपयोग? विमानाच्या केबिनमधली हवा तर त्याहून कोरडी असते. लांबच्या प्रवासात चष्माच लावावा.

आता तिची बाटली. मी लेबल वाचलं. ते ओलावा देणारे थेंब नव्हतेच, लाली घालवणारे होते. अशा थेंबांतलं औषध डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं, डोळा पांढरा दिसतो आणि बरा झाल्यासारखा वाटतो. असर उतरला की लाली परत येते, कधी आधीपेक्षा जास्त. मग पुन्हा थेंब. सात-आठ वेळांपर्यंत ती पोचली ती अशी. 'स्ट्राँग' शब्द कुठून आला तेही कळलं.

शिवाय त्या बाटलीत बेंझाल्कोनियम क्लोराइड नावाचं जंतुरोधक होतं. बाटली उघडल्यावर आत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात. मऊ लेन्स स्पंजासारखी ते शोषून घेते आणि दिवसभर थोडं थोडं डोळ्यावर सोडत राहते. बुबुळाच्या वरच्या पेशींना ते मानवत नाही. म्हणून असे थेंब लेन्सवर घालायचेच नाहीत. डॉक्टरांनी डोळ्यांसाठी दिलेलं कुठलंही औषध असं असेल, तर ते घालून निदान पंधरा मिनिटं थांबून मग लेन्स घालायची. आणि उपचार चालू असताना लेन्स घालायची की नाही हे त्यांनाच विचारायचं.

लेन्सवर चालणारे थेंब वेगळे. त्यांना रीवेटिंग ड्रॉप्स किंवा नुसतं लेन्सचे ड्रॉप्स म्हणतात, आणि लेबलवर 'कॉन्टॅक्ट लेन्ससोबत वापरता येतील' अशा अर्थाचं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यांच्यात कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज, पोव्हिडोन किंवा सोडियम हायालुरोनेट असे पाणी धरून ठेवणारे घटक असतात. सगळ्यात निर्धोक म्हणजे जंतुरोधक नसलेल्या, एकदाच वापरायच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या. उघडली, घातली, उरलेलं टाकलं. महाग पडतात हे खरं. दाट जेल आणि मलम लेन्सवर घालू नये; लेन्स धूसर होते आणि ते सहजी निघत नाही. रात्री लेन्स काढल्यावर घालायला मात्र ते चांगले.

थेंब घालण्याची रीतही सांगते, कारण त्यात पुष्कळ औषध गालावर जातं. डोळ्याच्या पृष्ठभागावर एरवी सात मायक्रोलिटरच्या आसपास अश्रू असतात आणि बाटलीतला एक थेंबच त्याच्या पाच-सहापट असतो. दुसरा थेंब घातला तर तो ओघळतो, शिवाय पहिल्यालाही धुऊन नेतो. एकच थेंब, मग डोळे अलगद मिटून दोन-तीन वेळा पूर्ण उघडझाप. थेंब घालायचा तो खुपायला लागल्यावर नव्हे, त्याच्या आधी. सहाला खुपतं तर दुपारी एक आणि चार या वेळा धरायच्या. कोरडी पडून बुबुळावर घट्ट बसलेली लेन्स ओली करण्यापेक्षा ओल्या लेन्सची ओल टिकवणं सोपं. लेन्स काढतानाही ती चिकटल्यासारखी वाटली, तर ओढू नका. एक थेंब घालून दोन-तीन मिनिटं मिटून बसा, ती हलू लागली की काढा.

पण थेंबाची मर्यादा लक्षात घ्या. त्याचा आराम काही मिनिटांचा असतो. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर अडचण थेंबात नाही, लेन्समध्ये किंवा डोळ्यात आहे, असा मी माझ्यापुरता नियम ठेवला आहे.

आणि आईंचं गुलाबपाणी. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी हसून म्हटलं, "काकू, ते गुलाबजामच्या पाकात घाला." घरगुती किंवा दुकानातलं गुलाबपाणी निर्जंतुक असेलच असं नाही, आणि त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. नळाचं पाणी तर लेन्सच्या आसपासही नको. त्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो लेन्सला धरून बुबुळात शिरला तर महिनोन्महिने उपचार चालतात आणि दृष्टीही जाऊ शकते. लेन्स घालून आंघोळ करणं, पोहणं, सोल्युशन संपलं म्हणून डबी नळाखाली धरणं, हे सगळं यात आलं. थुंकी लावून लेन्स ओली करणारेही मी पाहिलेत, चांगले शिकलेले.

दुसरा प्रश्न मी महिन्याच्या तारखेचा विचारला. कोणत्या आठवड्यात जास्त त्रास होतो? ती थोडी ओशाळली. लेन्स महिन्याची होती, पण ती शनिवार-रविवार चष्मा लावायची. "म्हणजे मॅडम, तीस दिवस वापरायला सहा आठवडे लागतात ना." हा हिशेब जवळजवळ प्रत्येकजण करतो. पण महिना मोजायचा तो पाकीट उघडल्या दिवसापासून. डबीत पडून असलेली लेन्सही जुनी होतच असते. तिच्यावर अश्रूंतली प्रथिनं आणि तेलं साचतात, साचलेल्या जागी पाणी धरत नाही, आणि थर आणखी लवकर तुटतो. तिच्या लेन्सवर मला सूक्ष्मदर्शकातून पुसट डाग दिसलेच. शिवाय ती सोल्युशन ओतून लेन्स नुसती बुडवायची, चोळायची नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, तळहातावर सोल्युशनमध्ये बोटाच्या पेरानं वीसेक सेकंद चोळल्याशिवाय हा थर निघत नाही.

मग लेन्स बदलायची वेळ झाली होती का? झाली होती, पण पहिल्याच दिवशी नाही. एकदम सगळं बदललं की कशानं बरं वाटलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागतं. म्हणून पहिले दहा दिवस मी लेन्स पूर्ण बंद केली. चष्मा, पापण्यांचा व्यायाम आणि रोज रात्री गरम शेक. तिच्या खालच्या पापणीच्या ग्रंथी मी दाबून पाहिल्या होत्या. तेल पातळ, पारदर्शक यायला हवं, ते टूथपेस्टसारखं दाट येत होतं. शेक द्यायचा तो हाताला सोसेल इतक्या गरम कापडाचा, पाच ते दहा मिनिटं, कापड निवलं की पुन्हा गरम करून. मग बोटानं पापणी कडेच्या दिशेनं हलकेच दाबत न्यायची, वरची खाली आणि खालची वर. हे सगळं लेन्स काढल्यावर. सर्दी-शिंकांसाठी ती रोज रात्री घेत असलेली सेटिरिझिनची गोळीही डोळे कोरडे करू शकते. ती बंद करायची की बदलायची हे मी ठरवत नाही. तिला डॉक्टरांकडे पाठवलं. मुरुमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन, काही गर्भनिरोधक गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, यांचीही लेन्सवाल्यांनी आठवण ठेवावी.

दहा दिवसांनी उघड्या डोळ्यावरचा थर ११ सेकंद टिकायला लागला होता आणि बुबुळावरचा पट्टा गेला होता. आता लेन्सकडे वळायला हरकत नव्हती.

तिनं दुकानात ऐकलेला सल्ला मला सांगितला: जास्त पाण्याची लेन्स घ्या, डोळे ओले राहतील. ऐकायला पटतं, पण होतं बहुधा उलटं. मऊ लेन्सचा जन्म प्राग इथला. रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी १९६१ मध्ये मुलांच्या खेळण्यातल्या मेकॅनोसारख्या जोडसामानातून यंत्र बनवून पहिल्या मऊ लेन्स काढल्या. त्या पदार्थात पाणी ३८ टक्क्यांच्या आसपास होतं. बुबुळाला प्राणवायू मिळतो तो हवेतून, आणि या लेन्समधून तो पाण्यावाटे आत जात असे. म्हणून पुढे प्राणवायू वाढवायला पाणी वाढवत नेलं. पण जास्त पाण्याची लेन्स दिवसभरात जास्त पाणी गमावते आणि ते भरून काढायला डोळ्यातलेच अश्रू ओढते. १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल आलं आणि ही अडचण सुटली: प्राणवायू सिलिकॉनमधून जातो, पाणी कमी ठेवता येतं. पण त्याचीही खोड आहे. सिलिकॉनला तेल चिकटतं. तेलकट पापण्यांच्या माणसाची ही लेन्स महिन्याच्या शेवटी डागाळते. म्हणजे कुठलीच लेन्स सगळ्यांना 'ओली' नसते; कुणाच्या डोळ्यात काय साचतं यावर सगळं ठरतं.

तिच्याकडची लेन्स जुन्या पद्धतीची, जास्त पाण्याची, महिन्याची. मी तिला रोजची लेन्स दिली, म्हणजे सकाळी नवी उघडायची आणि रात्री टाकून द्यायची. पदार्थ बदलला, पण माझ्या मते खरा फायदा दुसराच होता. साचायला वेळच मिळत नाही, आणि सोल्युशन व डबी दोन्ही घरातून गेली. सोल्युशनचा त्रास असलेल्या माणसालाही म्हणूनच रोजची लेन्स मानवते. रोजची परवडत नसेल, तर महिन्याचीच लेन्स ठेवून हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन घेता येतं. त्यात टिकून राहणारं जंतुरोधक नसतं. मात्र ते तीव्र असतं. सोबत दिलेल्या खास डबीत सहा तास ठेवल्यावरच ते निष्प्रभ होतं, आणि तोवर लेन्स डोळ्याला लावली तर भयानक आग होते. घाईच्या, विसराळू माणसाला मी ते देत नाही.

खर्चाबद्दल ती धास्तावली होती. रोजच्या लेन्सचा महिन्याचा खर्च महिन्याच्या जोडीच्या कित्येक पट होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तोडगा निघाला तो असा: लेन्स आठवड्याचे चार दिवस, ऑफिसला जाताना, घरून काम असेल त्या दिवशी चष्मा. तिच्या डोळ्यांनाही तेच हवं होतं.

पदार्थ आणि मुदत बदलूनही खुपत राहिलं असतं, तर मी लेन्सचं माप पुन्हा पाहिलं असतं. पापणी लवली की लेन्स किंचित सरकून परत जागेवर यायला हवी. अजिबात हलत नसेल तर घट्ट, फार हलत असेल तर सैल आणि पापणीला तिची कड लागते. त्यानंतरची पायरी कडक लेन्सची. पुष्कळांना ते ऐकूनच घाम फुटतो. स्क्लेरल लेन्स नावाची मोठी कडक लेन्स बुबुळाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते आणि आत निर्जंतुक सलाइनचा साठा धरून ठेवते. अतिकोरड्या डोळ्यांना तो अक्षरशः ओलावा असतो. पण ती दर आठवड्याला दिली जाणारी गोष्ट नाही. आणि तोंड, घसा, डोळे सगळंच कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर लेन्सचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. मागे स्योग्रेनसारखा आजार असू शकतो.

तीन महिन्यांनी ती पुन्हा आली. लेन्स सकाळी नऊ ते संध्याकाळी सात चालते. आठला अजूनही जाणवते, तेव्हा ती काढते. चौदा तास आधी होते, आता दहा आहेत, आणि मला वाटतं त्या डोळ्यांची क्षमता तेवढीच आहे. मिनिटाची मोजणी पुन्हा केली: पापणी अकरा वेळा लवली, आठ वेळा पूर्ण. रीवेटिंगचे थेंब दुपारी एकदा, कधी तेही नाही. तुम्हालाही ही मोजणी घरी करता येते. टेबलावर मोबाईल उभा करून पाच मिनिटं स्वतःचा व्हिडिओ घ्या आणि काम करत राहा. पहिली दोन मिनिटं सोडून द्या, कारण कॅमेरा आठवत असतो तोवर आपण शहाण्यासारखं वागतो. पुढचं एक मिनिट सावकाश पाहून मोजा.

एक गोष्ट मात्र मोजत बसायची नसते. डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा दिसणं अंधूक झालं, तर लेन्स लगेच काढा. काढल्यावरही दुखत राहिलं तर तो कोरडेपणा नाही, बुबुळाचा संसर्ग असू शकतो, आणि त्याला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहायला हवं. थेंब घालून सकाळपर्यंत वाट पाहू नका. जाताना ती लेन्स आणि डबी फेकून देऊ नका, सोबत घेऊन जा; जंतू कोणता ते शोधायला प्रयोगशाळेला त्यांचा उपयोग होतो.